‘सायं. ठीक ५.३०’ म्हणजे नेमके केव्हा?

‘रसिकांसाठी सुवर्णसंधी! स्वरसंध्या. शनिवार दि. १६ रोजी सायं. ठीक ५.३० वाजता. स्थळ : टिळक स्मारक. प्रवेशिका नेहमीच्या ठिकाणी.’

असा मजकूर पुण्यातल्या संगीतसंस्थांच्या फलकांवर वर्षानुवर्षे लिहिला जातो आणि सदाशिव पेठेतल्या जुन्या श्रोत्याला त्यात काही उणे वाटत नाही. फलक याच आठवड्यात लागला, म्हणजे १६ तारीख याच महिन्याची. टिळक स्मारक म्हणजे टिळक रस्त्यावरचे. गाणे कोणाचे आहे ते कालच कोणीतरी सांगितले आणि प्रवेशिका कुठल्या दुकानात मिळतात हे तर माहीतच आहे. फलक वाचणाऱ्याच्या डोक्यात निम्मी माहिती आधीच असते. फलक फक्त उरलेली निम्मी पुरवतो.

आता नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात आलेली एखादी तरुणी घ्या. तिला गाण्याची आवड आहे, पण पुण्यात ओळखी नाहीत. शुक्रवारी रात्री ती मोबाइलवर ‘पुणे शास्त्रीय संगीत कार्यक्रम उद्या’ असे टाइप करते. संस्थेच्या संकेतस्थळावर वरचा फलक चढवलेला आहे, तोही बहुधा छायाचित्र म्हणून. गूगलच्या यंत्रणेला त्या मजकुरातून महिना कळत नाही, वर्ष कळत नाही, गाव कळत नाही. हे गाण्याच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आहे की गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा वृत्तान्त, हेही कळत नाही. तरुणीला एखाद्या हॉटेलातल्या गझल-संध्येचा पत्ता मिळतो आणि टिळक स्मारकातल्या मागच्या दहा रांगा रिकाम्या राहतात.

शोधयंत्रावर कार्यक्रम दोन प्रकारे दिसतो. एक म्हणजे नेहमीचा शोधनिकाल : वर ठळक शीर्षक, खाली दोन-तीन ओळींचे वर्णन. दुसरा प्रकार म्हणजे कार्यक्रमांची खास यादी. तिथे तारीख वेगळी, सभागृहाचे नाव वेगळे, तिकिटाचा दुवा वेगळा, आणि ‘आज’, ‘उद्या’, ‘या आठवड्याअखेर’ अशी निवड करता येते. पहिल्यासाठी नीट लिहिलेले शीर्षक आणि वर्णन लागते. दुसऱ्यासाठी पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, यंत्रासाठी लिहिलेली एक छोटी टाचणपट्टी लागते. तिला मार्कअप म्हणतात. पडद्यावर ‘स्थळ : टिळक स्मारक’ असे दिसत असते. हा शब्दसमूह सभागृहाचे नाव आहे आणि ते सभागृह पुण्यात आहे, हे यंत्राला सांगण्याचे काम ही टाचणपट्टी करते.

या टाचणपट्ट्यांची भाषा एकसारखी असावी म्हणून जून २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि याहू या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून schema.org हा सामाईक शब्दसंग्रह सुरू केला. त्याच वर्षी रशियातले यांडेक्सही त्यात आले. पाककृती, पुस्तक, दुकान, चित्रपट अशा शेकडो गोष्टींसाठी त्यात ठरलेली नावे आहेत. कार्यक्रमासाठी Event आणि त्यातल्या संगीताच्या कार्यक्रमासाठी MusicEvent. हे लिहिण्याच्या पद्धतींपैकी गूगल जिची शिफारस करते ती म्हणजे जेसन-एलडी. तिला २०१४ च्या जानेवारीत वेबच्या मानकसंस्थेची मान्यता मिळाली.

शीर्षकात काय, वर्णनात काय

पहिल्यांदा शीर्षक. बऱ्याच संस्थांच्या पानांचे शीर्षक ‘मुखपृष्ठ’, ‘कार्यक्रम’ किंवा ‘सस्नेह निमंत्रण’ असते. कार्यक्रमाला ‘स्वरसंध्या’, ‘नादब्रह्म’, ‘सूरनिनाद’ असे नाव ठेवण्याची आपल्याकडे हौस आहे आणि त्यात वावगे काही नाही. पण अनोळखी माणूस ‘स्वरसंध्या’ असे शोधत नाही. तो कलावंताचे नाव, ‘शास्त्रीय गायन’, ‘सतार’, ‘पुणे’ असे शोधतो. शिवाय मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शीर्षकाचा शेवट कापला जातो. म्हणून कामाचे शब्द आधी आणि शोभेचे नंतर. वरच्याच फलकाचे शीर्षक असे करता येईल : ‘(गायिकेचे नाव) : ख्यालगायन, टिळक स्मारक मंदिर, पुणे, १६ जानेवारी २०२७ | स्वरसंध्या’. ओळ कुठेही तुटली तरी आधी आलेले उपयोगीच असते.

मार्कअपमध्ये कार्यक्रमाचे नाव पुन्हा द्यायचे असते, पण तिथे रीत वेगळी. तारखेला, जागेला आणि तिकिटाला तिथे स्वतंत्र रकाने आहेत, म्हणून नावाच्या रकान्यात फक्त नाव. ‘त्वरा करा’, ‘फक्त ३०० रुपये’, ‘२० टक्के सवलत’ असले शब्द नावात घालू नयेत, असे गूगलचे नियमच सांगतात.

वर्णनात आपल्या लेखणीला खरा मोह पडतो. ‘स्वरांच्या वर्षावात चिंब होण्याची अवीट पर्वणी’ हे वाक्य किराणा घराण्याच्या गायनालाही चालते, सरोदवादनालाही आणि सुगम संगीताच्या वाद्यवृंदालाही. म्हणजे ते काहीच सांगत नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला काय जाणून घ्यायचे असते? गायन आहे की वादन, कलावंत कोण आणि कोणाकडे शिकलेला, तबल्यावर आणि संवादिनीवर कोण, एकच कलावंत आहे की दोन, मैफल किती वेळ चालेल, प्रवेश कसा. तबल्यावर कोण आहे हे वाचून कार्यक्रमाला जायचे ठरवणारे श्रोते महाराष्ट्रात काही कमी नाहीत. एवढी माहिती दोन वाक्यांत मावते : ‘(गायिका) यांचे ख्यालगायन, तबला (नाव), संवादिनी (नाव). शनिवार, १६ जानेवारी २०२७, सायंकाळी ५.३० ते ८.३०, टिळक स्मारक मंदिर, पुणे. प्रवेशिका ३०० रुपये.’ हे वर्णन शोधनिकालात जसेच्या तसे दिसेलच असे नाही. गूगलला योग्य वाटले तर ते पानावरचा दुसरा मजकूरही उचलते. म्हणून हीच दोन वाक्ये पानाच्या पहिल्या परिच्छेदातही असलेली बरी.

मग राग कोणते गाणार ते लिहावे का? पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या कार्यक्रमात कोणत्या रचना वाजणार हे आधी जाहीर होते आणि श्रोते त्यासाठीच येतात. schema.org मध्ये त्यासाठी workPerformed नावाचा रकानाही आहे. हिंदुस्थानी मैफलीत मात्र राग बहुतेकदा बैठकीवर ठरतो : वेळ काय, आधीच्या कलावंताने काय गायले, सभागृहाची हवा कशी आहे. ‘पूरिया धनाश्री आणि मारू बिहाग’ असे आधी छापले आणि गायिकेने मुलतानी लावला, तर तक्रार संयोजकाकडे येते. तेव्हा ही जागा कोरी ठेवणेच शहाणपणाचे. फक्त मल्हाराच्या प्रकारांची मैफल किंवा एखाद्या रचनाकाराच्या बंदिशींचा कार्यक्रम असेल, तर तो विषय वर्णनात यायलाच हवा.

नावांचे रोमन लेखन हा आणखी एक घोळ. ‘सवाई’ कोणी Sawai लिहितो, कोणी Savai. शोधणारेही दोन्ही लिहितात. पान मराठी असले तरी कार्यक्रमाचे आणि कलावंताचे नाव एकदा तरी रोमन लिपीत दिसावे. मार्कअपमध्ये त्यासाठी alternateName आहे. ‘पं.’, ‘विदुषी’, ‘उस्ताद’ या उपाध्यांना honorificPrefix हा स्वतंत्र रकाना आहे, त्यामुळे नावाच्या रकान्यात नाव निव्वळ राहते. एकाच नावाचे दोन कलावंत असतील, तर sameAs मध्ये योग्य कलावंताच्या अधिकृत पानाचा पत्ता द्यावा.

तारीख, वेळ आणि पहाट

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. यंत्राला एकच रीत समजते : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यापुढे T हे अक्षर, चोवीस तासांच्या घड्याळाची वेळ आणि शेवटी त्या प्रदेशाची वेळ जागतिक वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे, ते. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून +05:30. टिळक स्मारकातल्या आपल्या कल्पित मैफलीची संपूर्ण टाचणपट्टी अशी होईल :

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "MusicEvent",
  "name": "स्वरसंध्या : ख्यालगायन",
  "startDate": "2027-01-16T17:30:00+05:30",
  "endDate": "2027-01-16T20:30:00+05:30",
  "location": {
    "@type": "Place",
    "name": "टिळक स्मारक मंदिर",
    "address": {
      "@type": "PostalAddress",
      "streetAddress": "टिळक रस्ता, सदाशिव पेठ",
      "addressLocality": "पुणे",
      "addressRegion": "महाराष्ट्र",
      "postalCode": "411030",
      "addressCountry": "IN"
    }
  }
}
```

हा मजकूर पानाच्या एचटीएमएलमध्ये `<script type="application/ld+json">` आणि `</script>` या दोन खुणांच्या मध्ये जातो. कार्यक्रमाच्या यादीसाठी गूगल ज्या गोष्टी सक्तीच्या मानते त्या एवढ्याच : नाव, सुरू होण्याची तारीख, जागा आणि तिचा पत्ता. बाकी वर्णन, चित्र, कलावंत, आयोजक, तिकीट हे सगळे ‘असल्यास उत्तम’ या वर्गात मोडते.

आकडे देवनागरीत लिहू नयेत. पानावर ‘१६ जानेवारी २०२७’ शोभून दिसते, पण टाचणपट्टीत "२०२७-०१-१६" लिहिले तर तारीख वाचली जाईल याची खात्री नाही. तिकिटाच्या किमतीबाबत तर schema.org ची सूचना स्पष्ट आहे : आकडे 0 ते 9 हेच वापरावेत आणि रुपयाचे चिन्ह किमतीत न लिहिता चलन INR म्हणून वेगळे सांगावे. प्रवेश विनामूल्य असेल तर किंमत 0. ती जागा कोरी सोडली, तर विनामूल्य आहे की सांगायचे राहिले हे कळायला मार्ग नसतो.

‘सायं. ५.३०’ चे यंत्रासाठी 17:30 होते. उलटी चूक दिवाळी पहाटच्या वेळी होते. २०२५ मध्ये नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला होती. त्या दिवशी पहाटे साडेपाचच्या कार्यक्रमाची नोंद 2025-10-20T05:30:00+05:30 अशी हवी. सवयीने 17:30 पडले तर कार्यक्रम संध्याकाळी दिसतो आणि श्रोता मांडव उठल्यावर पोहोचतो. ‘नरक चतुर्दशीला’, ‘गुरुपौर्णिमेनिमित्त’ एवढेच लिहून भागत नाही, कारण तिथीचे इंग्रजी तारखेशी असलेले नाते दरवर्षी बदलते. तिथी पानावर असू द्यावी, तारखेचा रकाना पंचांग पाहून भरावा.

रात्रभराच्या मैफलींना आणखी एक गाठ बसते. शनिवारी रात्री ९ ला सुरू झालेले गाणे सकाळी ६ ला भैरवीने संपते आणि आपण त्याला ‘शनिवारची मैफल’ म्हणतो. यंत्राच्या हिशेबात मध्यरात्रीनंतर रविवार सुरू झालेला असतो. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे शनिवारचीच तारीख लिहिली, तर कार्यक्रम सुरू होण्याच्या पंधरा तास आधी संपतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकांना बंदी घातल्यापासून मैदानावरच्या रात्रभराच्या मैफली जवळजवळ संपल्या, पण बंदिस्त सभागृहांत त्या अजून होतात. त्यांच्या संयोजकांनी endDate मध्ये दुसऱ्या दिवसाची तारीख घालायला विसरू नये.

वेळ अजून ठरलेली नसेल तर? अनेक जण रकाना भरायचा म्हणून 00:00 लिहितात आणि यादीत कार्यक्रम मध्यरात्री १२ ला दिसतो. वेळ माहीत नसेल तर फक्त तारीख द्यावी, असे गूगलही सांगते.

परदेशातल्या मराठी मंडळांनी वेळेचा फरक जपून लिहावा. न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबर २०२६ च्या संध्याकाळी मैफल असेल, तर शेवटी -04:00 हवे. त्याच सभागृहात दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला संध्याकाळी असेल, तर -05:00, कारण त्या रविवारी पहाटे अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे जातात. पुण्यातून कोणी पान तयार करून +05:30 तसेच ठेवले, तर तिथल्या श्रोत्याला कार्यक्रम सकाळी दिसू शकतो.

पाच दिवसांचा उत्सव कसा लिहावा

एका संध्याकाळचा कार्यक्रम सोपा. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारखा उत्सव असेल तर? पं. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मृतीसाठी १९५३ मध्ये हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. २०२४ चा सत्तरावा महोत्सव १८ ते २२ डिसेंबर, बुधवार ते रविवार, मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात झाला. एवढ्या माहितीवरून त्याची वरची चौकट अशी लिहिता येते :

```json
"@type": "Festival",
"name": "सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव",
"startDate": "2024-12-18",
"endDate": "2024-12-22"
```

इथे वेळ मुद्दामच नाही. पाचही दिवसांची सत्रे वेगवेगळ्या वेळी सुरू होऊ शकतात. १८ तारखेची सुरुवातीची वेळ आणि २२ तारखेची शेवटची वेळ लिहिली, तर मधले पाच दिवस आणि रात्री गाणे अखंड चालू असल्याचा अर्थ निघतो.

पण ज्याला फक्त शनिवारी जायचे आहे, त्याचे या चौकटीने भागत नाही. अशा उत्सवात प्रत्येक दिवसाचे तिकीट वेगळे मिळत असेल, तर प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र कार्यक्रम लिहावा. त्याला त्याची तारीख, सुरू होण्याची वेळ, त्या दिवशीचे कलावंत आणि त्या दिवसाचे तिकीट द्यावे आणि superEvent या रकान्याने तो मुख्य उत्सवाशी जोडावा. शक्य असेल तर प्रत्येक दिवसाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र पत्ताही हवा. त्याहून बारीक जाऊन प्रत्येक कलावंताची वेळ लिहिण्याचा मोह मात्र टाळावा. मोठ्या उत्सवात आधीच्या कलावंताचे गाणे रंगले की पुढचा अर्धा तास उशिरा बसतो, हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक आहे. लिहून टाकलेली वेळ पाळली जाणार नसेल तर ती लिहू नये. कलावंतांची नावे performer मध्ये सादरीकरणाच्या क्रमाने दिली की पुरे.

दरवर्षीचा उत्सव एकाच पानावर नवी तारीख टाकून चालवण्याची सवय मोडण्यासारखी आहे. जुने वर्ष पुसले जाते, जुन्या वर्षाच्या बातम्यांतले दुवे नव्या तारखेवर येतात आणि गेल्या वर्षीचे फोटो यंदाच्या तारखेखाली दिसतात. वर्षागणिक वेगळे पान ठेवले, तर संस्थेचा इतिहासही आपोआप जमा होतो.

‘दीनानाथ’ कोणते?

जागेच्या बाबतीत आपण आडनावाने हाक मारल्यासारखे लिहितो. ‘दीनानाथला गाणे आहे’ हे वाक्य विलेपार्ल्यात म्हटले तर दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह. पणजीत म्हटले तर कला अकादमीतले दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. पुण्यात म्हटले तर ऐकणारा आधी एरंडवण्यातल्या रुग्णालयाचा विचार करेल. ‘बालगंधर्व’ पुण्यातले रंगमंदिर आहे आणि मिरजेतले नाट्यगृहही. ‘यशवंतराव चव्हाण’ हे नाव कोथरूडच्या नाट्यगृहाला आहे आणि मुंबईत नरिमन पॉइंटला असलेल्या केंद्रालाही. गावातल्या माणसाचा गोंधळ होत नाही. नकाशावर टोचणी लावणाऱ्या यंत्राचा होतो आणि श्रोता रिक्षा करून भलतीकडे उतरतो.

म्हणून सभागृहाचे पूर्ण नाव एका रकान्यात, रस्ता आणि परिसर दुसऱ्यात, गाव तिसऱ्यात, पिनकोड चौथ्यात. गावाच्या रकान्यात ‘पुणे’ लिहावे, ‘मुकुंदनगर’ नव्हे. मुकुंदनगर रस्त्याच्या रकान्यात जाते आणि त्याचा पिनकोड 411037. सभागृहाच्या नावात संस्थेचे नाव मिसळू नये. संस्था organizer मध्ये जाते, जागेत नव्हे. एखाद्याच्या दिवाणखान्यातली खासगी बैठक असेल, तर घराचा पत्ता सगळ्या जगापुढे मांडायचा का हेही ठरवावे लागते. निमंत्रितांपुरती बैठक शोधयादीत न आणलेलीच बरी, कारण ती यादी कोणीही येऊ शकेल अशा कार्यक्रमांसाठी आहे.

पाऊस आला, साथ आली

कार्यक्रम ठरल्या दिवशी होईलच असे नाही. २००९ च्या डिसेंबरमधला सवाई महोत्सव स्वाइन फ्लूच्या साथीमुळे पुढे गेला आणि २०१० च्या जानेवारीत झाला. तेव्हा ही बातमी वर्तमानपत्रांनी पोहोचवली. आज अशी वेळ आली तर श्रोता आधी मोबाइल पाहील आणि तिथे जुनीच तारीख असेल तर तो मैदानावर जाऊन उभा राहील.

अशा वेळी संयोजक घाईने पानच काढून टाकतात. ते चूक. शोधयादीत जुनी नोंद काही काळ तशीच राहू शकते आणि तिच्यामागे खुलासा करणारे पान उरत नाही. पान ठेवावे आणि eventStatus बदलावा. नवी तारीख ठरायची असेल तर EventPostponed, आणि मूळ तारीख तशीच ठेवावी. नवी तारीख ठरली की EventRescheduled. मग startDate मध्ये नवी तारीख आणि previousStartDate मध्ये जुनी. कार्यक्रम रद्दच झाला तर EventCancelled, तारखेला हात न लावता. २०२० च्या महासाथीत जगभरचे कार्यक्रम एकाच वेळी रद्द झाले, पुढे गेले किंवा पडद्यावर आले, तेव्हा schema.org ने या रकान्यात EventMovedOnline ही आणखी एक स्थिती घातली. पानावरच्या दिसणाऱ्या मजकुरातही हाच बदल ठळकपणे करायचा असतो. टाचणपट्टी एक सांगते आणि पान दुसरे, अशी स्थिती गूगलच्या नियमात बसत नाही आणि श्रोत्यालाही फसवते.

हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे. पानावर नसलेली माहिती केवळ यंत्राला दाखवायला टाचणपट्टीत भरणे, किंवा गायनवर्गाच्या प्रवेशाची जाहिरात ‘कार्यक्रम’ म्हणून नोंदवणे, हा गैरवापर ठरतो. पकडला गेला तर त्या संकेतस्थळाला खास यादीत मिळणारी जागा काढून घेतली जाऊ शकते.

बरोबर झाले का, हे कसे कळणार

टाचणपट्टी लिहिल्यावर ती तपासण्याची दोन विनामूल्य ठिकाणे आहेत. गूगलची ‘रिच रिझल्ट्स टेस्ट’ search.google.com/test/rich-results या पत्त्यावर आहे. गूगलच्या यादीसाठी जे हवे ते त्यात आहे का, एवढे ती सांगते. लाल खूण म्हणजे सक्तीचे काही राहिले, पिवळी म्हणजे ऐच्छिक राहिले. पिवळ्या खुणांची धास्ती घ्यायचे कारण नाही. दुसरे ठिकाण validator.schema.org. तिथे गूगलचे निकष बाजूला ठेवून शब्दसंग्रह बरोबर वापरला आहे का, हे पाहिले जाते.

यात सर्वाधिक सापडणारी चूक संगीताची नसते, टंकलेखनाची असते. मजकूर वर्डमध्ये लिहून चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात आणि संपूर्ण टाचणपट्टी वाचता येत नाही. शेवटच्या ओळीनंतर राहिलेला एक स्वल्पविरामही तेवढाच घातक. मराठी अक्षरांचा मात्र काही अडथळा नाही. पान यूटीएफ-८ मध्ये असले की देवनागरी नावे व्यवस्थित वाचली जातात.

एक गोष्ट मात्र कोणतीही चाचणी पकडत नाही : बरोबर लिहिलेली चुकीची तारीख. 2027-01-17 लिहिले तर यंत्राच्या दृष्टीने त्यात काहीच दोष नाही. म्हणून पानावर वार लिहावाच आणि तो तारखेशी जुळतो का, ते दुसऱ्या माणसाने कॅलेंडर उघडून पाहावे. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावरही तेच नाव, तीच वेळ आणि तेच सभागृह आहे ना, हेही त्यानेच ताडावे. दोन ठिकाणी दोन नावे असली तर एकच कार्यक्रम दोनदा दिसण्याची शक्यता असते.

सगळे काटेकोर केले तरी कार्यक्रम खास यादीत दिसेलच अशी हमी गूगल देत नाही. टाचणपट्टीमुळे तो त्या यादीसाठी पात्र होतो, एवढेच. नवे पान गूगलच्या नजरेस यायलाही वेळ लागतो, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते तयार करून उपयोग नाही. तारीख आणि सभागृह नक्की झाले की, कलावंतांची यादी अपुरी असली तरी, पान आधी उघडावे आणि नावे ठरत जातील तशी भरत जावे. येत्या कार्यक्रमासाठी संस्थेकडे फार वेळ नसेल, तर नाव, वर्षासकट तारीख आणि पिनकोडसकट पत्ता या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी. यादीत येण्यासाठीची सक्तीची अट तेवढ्याने पूर्ण होते.